पावत्या अर्ध्या, मालकाचा पॅन नाही: घरभाडे भत्त्याच्या एका प्रश्नाचं उत्तर

प्रश्न जुलै २०२५ मध्ये आला. विचारणारी पुण्यातल्या एका खासगी कंपनीत नोकरीला, कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी. हातात फॉर्म १६ आणि त्यात घरभाडे भत्त्याची सूट शून्य. मेलमध्ये तिने लिहिलं होतं: "सर, वर्षभर दरमहा २२,००० भाडं दिलंय. कंपनीने पावत्या अपुऱ्या म्हणून क्लेम नाकारला आणि १,३१,१९६ रुपये टीडीएस कापला. घरमालक वारले, त्यांचा मुलगा पॅन द्यायला तयार नाही. आता रिटर्नमध्ये क्लेम करता येईल का?"

अशा प्रश्नाला सहसा दोन ओळींचं उत्तर मिळतं. एक, "हो, रिटर्नमध्ये टाका, कोण विचारतंय." दुसरं, "पॅन नाही म्हणजे क्लेम नाही." दोन्ही चुकीची आहेत, आणि का चुकीची आहेत हे कळायला तिची सगळी कागदपत्रं एकदा नीट लावावी लागली.

प्रकरण आर्थिक वर्ष २०२४-२५ चं, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२५-२६ चं. त्यामुळे लागू कायदा १९६१ चाच. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्याचा इथे संबंध नाही.

कायदा नेमकं काय मागतो

सूट मिळते कलम १०(१३ए) खाली आणि तिचं गणित नियम २ए मध्ये आहे. कलम दोन गोष्टींवर सूट नाकारतं: राहतं घर स्वतःच्या मालकीचं असेल तर, किंवा भाड्यावर प्रत्यक्ष खर्च झालेला नसेल तर. बस. भाडेपावती, घरमालकाचा पॅन, नोंदणीकृत करार यांपैकी एकही शब्द या कलमात अट म्हणून आलेला नाही. हे सगळे पुरावे आहेत. पुरावा दुबळा असेल तर क्लेम दुबळा होतो, पण एखादा विशिष्ट कागद नाही म्हणून हक्कच बुडाला असं होत नाही.

मग पॅनची अट कुठून आली? ती आहे कंपनीसाठी. पगारातून कर कापताना कंपनीने कलम १९२(२डी) प्रमाणे कर्मचाऱ्याकडून पुरावे घ्यायचे असतात आणि ते फॉर्म १२बीबी मध्ये येतात. या फॉर्ममध्ये घरमालकाचं नाव आणि पत्ता लागतो. वर्षाचं एकूण भाडं १ लाख रुपयांवर गेलं की पॅनही लागतो. ही मर्यादा वर्षाच्या एकूण भाड्यावर आहे, एकेका मालकावर नाही. तिचं भाडं २,६४,०००, त्यामुळे "बाबा आणि मुलगा असे दोन मालक दाखवले तर सुटेन का" या तिच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

मालकाकडे पॅनच नसेल तर त्याने नाव-पत्त्यासह तसं लिहून द्यायचं, ही सोय केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१३ च्या परिपत्रकात आहे. लोक तिचा सर्रास गैरवापर करतात. पॅन नसणं वेगळं आणि असलेला पॅन न देणं वेगळं. बँकेत नोकरी करणाऱ्या मुलाकडून "माझ्याकडे पॅन नाही" असं लिहून घेणं म्हणजे उघड खोटा कागद तयार करणं. तो मुलगा बँकेतच होता, म्हणून हा मार्ग मी पहिल्या फोनवरच बंद केला.

तेव्हा क्लेम नाकारला यात कंपनीची काही चूक नव्हती. तिच्यासमोर जे आलं त्यावर दुसरं काही करता आलंही नसतं. मेलमधून ते काय होतं ते कळत नव्हतं, म्हणून मी तिला कंपनीला पाठवलेले कागद जसेच्या तसे मागवले.

कंपनीला काय दिलं होतं

एका पीडीएफमध्ये सात पावत्या. पहिल्या तीन, एप्रिल ते जून २०२४ च्या, मालक काकांच्या हाताच्या. निळ्या शाईत रक्कम, महिना आणि सही. पत्ता नाही, पॅन नाही. बाजारात मिळणाऱ्या पावतीपुस्तकात या रकान्यांना जागा असते, पण काकांनी त्या कोऱ्या ठेवलेल्या.

पुढच्या चार पावत्या डिसेंबर ते मार्चच्या. त्यांवर मालक म्हणून काकांचंच नाव, आणि खाली सहीसुद्धा काकांच्या नावाने. काका सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात वारले होते. मुलाने "नाव बाबांचंच चालू दे, कशाला गोंधळ" म्हणून स्वतः सही ठोकली होती. पगार विभागाला हे कळलं तेही तिच्याच मेलमधून, कारण पॅन का मिळत नाही हे समजावताना तिने मालक वारल्याचं प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

मृत माणसाच्या सहीची पावती असलेल्या संचात बाकीच्या खऱ्या पावत्यांवरचाही विश्वास उडतो. एप्रिल ते जूनच्या तीन पावत्यांना, पत्ता नसला तरी, काही किंमत होती. या चारांनी ती घालवली. मी तिला सांगितलं की त्या चार पावत्या यापुढे कुठेही, कुणालाही द्यायच्या नाहीत. आणि फाडायच्याही नाहीत, कारण त्या कंपनीकडे गेलेल्या आहेत. त्यांच्या जागी मुलाकडून खरं पत्र आणायचं.

महिने लावून बघितले तेव्हा

पावत्यांची मोजणी करून प्रश्न सुटत नाही. प्रत्येक महिन्याला तीन गोष्टी विचाराव्या लागतात: त्या महिन्यात राहण्याचा लेखी आधार आहे का, पैसे कुणाला कसे गेले, आणि घेणाऱ्याने मिळाल्याचं कबूल केलंय का. तिच्या बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि करार हातात आल्यावर चित्र असं झालं:

| महिने | करार | पैसे कसे गेले | पोचपावती |
|---|---|---|---|
| एप्रिल–जून २०२४ | आहे | काकांच्या खात्यात | पावती आहे, पत्ता-पॅन नाही |
| जुलै–सप्टेंबर | आहे | काकांच्या खात्यात | नाही |
| ऑक्टोबर, नोव्हेंबर | आहे | रोख, काकूंच्या हातात | नाही |
| डिसेंबर, जानेवारी | आहे | मुलाला यूपीआयने | चुकीची पावती |
| फेब्रुवारी, मार्च २०२५ | संपला | मुलाला यूपीआयने | चुकीची पावती |

पहिले सहा महिने सगळ्यात भक्कम निघाले, त्यातले तीन पावतीशिवाय असूनही. करार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणीकृत, १ मार्च २०२४ ते ३१ जानेवारी २०२५ असा अकरा महिन्यांचा. त्यात काकांचं पूर्ण नाव, फ्लॅटचा पत्ता, दरमहा २२,००० आणि त्यांचा पॅनही होता. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच नावाच्या खात्यात पैसे गेलेले. म्हणजे घरमालकाचे जे तपशील पावतीवर नाहीत, ते करारावर आहेत. ती इतके दिवस पॅन शोधत होती आणि तो तिच्या कपाटातल्या कराराच्या पहिल्या पानावर होता. करार हरवला असता तरी नोंदणी विभागाकडून इंडेक्स टू काढता आला असता. निदान पक्षकार, मिळकत आणि मुदत त्यावरून सिद्ध होते.

इथे एक बारीक गोष्ट. मे महिन्याची बँकेतली नोंद २२,००० ची नव्हती, २४,१५० ची होती. तिने लाइट बिल काकांनाच दिलं होतं, कारण मीटर त्यांच्या नावावर. भाडं म्हणून धरायचे २२,०००च. वरचे २,१५० भाडं नव्हे. काही लोक बँकेतल्या नोंदींची सरळ बेरीज करून क्लेम भरतात आणि मग करारातल्या रकमेशी ती जुळत नाही. तपासणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

डिसेंबर आणि जानेवारीत पैसे मुलाला गेले. मालक वारल्यावर भाडं वारसाला देणं स्वाभाविक आहे. घर काकूंच्या नावावर होणार की मुलाच्या, की बहिणीचाही वाटा निघणार, हे भाडेकरूने ठरवायचं नसतं. सूट मिळायला तिने भाडं खरंच दिलं आणि घर तिचं नाही एवढं पुरतं. इथे फक्त काका आणि मुलगा यांच्यातला दुवा कागदावर हवा: मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि मुलाचं एक पत्र.

फेब्रुवारी-मार्चला करार नव्हता. ती घाबरली होती ती याच दोन महिन्यांना, आणि मला त्यांची काळजी सगळ्यात कमी होती. कलम १०(१३ए) करार मागत नाही. राहिला महाराष्ट्रात करार लेखी करून नोंदवण्याचा प्रश्न. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ ती जबाबदारी मालकावर टाकतं. यूपीआयच्या नोंदी होत्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "दादा, फेब्रुवारीचं भाडं पाठवलं, बघा" या तिच्या मेसेजला "मिळालं, नवीन अ‍ॅग्रीमेंट एप्रिलमध्ये करू" असं मुलाचं उत्तर होतं. तारखेसह आलेलं हे उत्तर कुठल्याही छापील पावतीइतकंच बोलकं आहे.

खरे अडचणीचे दोनच महिने, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर.

रोख दिलेले ४४,०००

काका गेल्यावर त्यांचं खातं बंद झालं. मुलगा नाशिकला, घरात काकू एकट्या. तिने दोन महिने भाडं पाकिटात घालून काकूंच्या हातात दिलं. सुतकात पावती कोण मागणार? माणूस म्हणून ती योग्यच वागली, पण करदात्याच्या फायलीत त्या दोन महिन्यांच्या जागी काहीच उरलं नाही.

आयकर अपिली न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाचा २०१७ चा एक निर्णय अशा वेळी आठवतो. आईला रोख भाडं दिल्याचा दावा होता; पण करार नाही, बँकेतून पैसे गेल्याची खूण नाही, सोसायटीचं पत्र नाही, त्या घरात राहत असल्याचा दुसरा काही आधार नाही. दावा फेटाळला गेला. रोख दिलं किंवा आईला दिलं एवढ्यावरून तो गेला नाही. भाडं दिलं हे दाखवणारं आजूबाजूला काहीच नव्हतं, म्हणून गेला. तिची गोष्ट तशी नाही. आधीचे आणि नंतरचे महिने बँकेतून गेलेले, करार चालू. पण "आजूबाजूला" या दोन महिन्यांसाठी तिच्याकडे काय आहे, ते शोधायला हवं होतं.

स्टेटमेंटमध्ये ४ ऑक्टोबरला एटीएममधून २०,००० काढल्याची नोंद सापडली. भाड्याच्या नेहमीच्या आठवड्यात, आणि रक्कमही जवळपास तेवढीच. नोव्हेंबरला असं काही नाही. तिने सांगितलं की दिवाळीत माहेरून आलेल्या पैशातून दिलं. शक्य आहे, मीही विश्वास ठेवतो. पण दाखवता येत नाही.

मग तिने विचारलं, "काकूंकडून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तारखा टाकून पावत्या घेऊ का? त्या देतील." हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात येतो, आणि विचारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण पैसे खरंच दिलेले असतात. पण जुलै २०२५ मध्ये लिहिलेल्या कागदावर ऑक्टोबर २०२४ ची तारीख पडली की खरा व्यवहार खोट्या कागदावर उभा राहतो. कलम २७०ए मध्ये कमी उत्पन्न दाखवण्याला कराच्या ५० टक्के दंड आहे आणि चुकीचं चित्र उभं करण्याला २०० टक्के. मागच्या तारखेची पावती पकडली गेली की बोलणं ५० टक्क्यांवरून २०० टक्क्यांवर जातं.

त्याऐवजी काकूंनी आजच्या तारखेचं पत्र द्यायचं. "माझ्या पतींच्या निधनानंतर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ या दोन महिन्यांचं भाडं प्रत्येकी २२,००० रुपये रोख मला मिळालं", खाली फ्लॅटचा पत्ता, सही, आणि रोख रक्कम ५,००० च्या वर म्हणून एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. हे पत्र उशिरा लिहिलेलं आहे हे त्यातच दिसतं, म्हणून त्याचं वजन पावतीपेक्षा कमी. पण खोटं म्हणता येत नाही. एटीएमच्या नोंदीबरोबर ऑक्टोबरला ते मी पुरेसं धरलं. नोव्हेंबरला नुसतं पत्र राहतं, म्हणून तो महिना सोडायचा.

मुलगा पॅन का देत नव्हता

फॉर्म १२बीबी मधला मालकाचा पॅन कंपनीच्या शेवटच्या तिमाहीच्या २४क्यू विवरणात जातो. तिथून तो आयकर खात्याच्या नोंदीत येतो आणि मालकाच्या रिटर्नशी ताडून बघता येतो. ८ एप्रिल २०२४ ला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जे निवेदन काढलं, त्याची पार्श्वभूमी हीच: कर्मचाऱ्यांनी दिलेलं म्हणून दाखवलेलं भाडं आणि घेणाऱ्यांनी मिळालेलं म्हणून दाखवलेलं भाडं काही प्रकरणांत जुळत नव्हतं. सरसकट जुनी प्रकरणं उघडण्याची मोहीम नाही, असं मंडळाने तेव्हा स्पष्ट केलं, पण ताडून बघतात हे त्यातूनच कळलं. मुलाला भीती होती ती याचीच.

तिला मी म्हटलं, त्याला एवढंच सांगून बघा: चार महिन्यांचे ८८,००० त्याच्याकडे आले. घराचं उत्पन्न म्हणून दाखवलं तर कलम २४ प्रमाणे ३० टक्के सरसकट वजावट मिळते, करपात्र राहतात ६१,६००. आणि पैसे यूपीआयने त्याच्या खात्यात आलेच आहेत. पॅन न दिल्याने ते लपत नाहीत. "दादा, तुम्ही नाही दिलात तरी माझ्या बँकेत तुमचं नाव दिसतंच आहे," हे तिने त्याला तिच्या पद्धतीने सांगितलं. त्याने पत्र दिलं, चारही महिन्यांचं, स्वतःच्या नावाने, त्या दिवशीच्या तारखेचं. पॅन मात्र दिलाच नाही. रिटर्नसाठी त्यावाचून अडणार नव्हतं.

आकडे मांडल्यावर उत्तर बदललं

इथपर्यंत अकरा महिने उभे राहिले होते. पण क्लेम करता येतो आणि क्लेम करावा, यांच्यात अजून एक पायरी होती.

तिचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना ६०,०००, घरभाडे भत्ता २४,०००, बाकीचे भत्ते २६,०००. वर्षाचे एकूण १३,२०,०००. पुणे त्या वर्षी ४० टक्क्यांच्या गटात. ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला. तीन आकड्यांत सगळ्यात लहान तो सूट म्हणून मिळतो: मिळालेला भत्ता २,८८,०००, पगाराचे ४० टक्के, तेही २,८८,०००, आणि भाडं वजा पगाराचे १० टक्के. बाराही महिन्यांचं भाडं धरलं तर २,६४,००० वजा ७२,०००, म्हणजे १,९२,०००.

एक महिना सोडला तर? बरेच जण एका महिन्याची सूट, १६,०००, कमी करतात. मी कडक वाचन घेतो. नियम २ए मध्ये कालावधी आहे तो घरात राहिल्याचा, आणि ती बाराही महिने राहिली. म्हणून वजा होणारे १० टक्के पूर्ण वर्षाचेच राहतात आणि भाडं तेवढं घटतं: २,४२,००० वजा ७२,०००, म्हणजे १,७०,०००. पुरावा नसलेला एक महिना पूर्ण २२,००० घेऊन जातो.

जुन्या करप्रणालीत तिच्या बाकीच्या वजावटी अशा: ५०,००० प्रमाणित, २,५०० व्यवसाय कर, ८०सी चे १,५०,०००, एनपीएसचे ५०,००० आणि आरोग्य विम्याचे २२,०००. कंपनीने भाड्याची सूट न धरता याच प्रणालीत कर काढला, म्हणून १,३१,१९६. बाराही महिने धरले तर कर ८६,५२८ येतो. अकरा धरले तर ९१,१०४.

नव्या प्रणालीत यांपैकी काहीच नाही, फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट. करपात्र १२,४५,००० आणि कर ९२,५६०.

म्हणजे पावत्या, पत्रं, दाखले, काकूंची सही आणि मुलाशी झालेली कटकट हे सगळं धरून अकरा महिन्यांचा क्लेम केला तर नव्या प्रणालीपेक्षा वाचणार होते १,४५६ रुपये. ऑक्टोबरही नाकारला गेला, तर जुनी प्रणालीच ३,१२० रुपयांनी महाग पडणार होती. आणि हातातला मोठा परतावा, ३८,६३६ रुपये, एकही पावती न दाखवता नव्या प्रणालीत मिळत होता. ती "टीडीएस जास्त कापला" म्हणून आली होती, आणि त्यातला बहुतेक जास्तीचा टीडीएस घरभाड्याचा नव्हताच. तो चुकीची प्रणाली निवडल्याचा होता. भाड्याचा क्लेम नाकारला गेला तेव्हाच तिने कंपनीकडे दोन्ही प्रणालींतल्या कराचा आकडा मागायला हवा होता.

कंपनीकडे जुनी प्रणाली सांगितली असली तरी व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला रिटर्न भरताना बदल करता येतो. उलट दिशेने, म्हणजे जुनी घ्यायची तर, रिटर्न मुदतीतच जायला हवं. त्या वर्षी ती मुदत आधी १५ आणि मग एक दिवस वाढून १६ सप्टेंबर झाली.

तिला पाठवलेलं उत्तर

शेवटी मेल असा गेला:

"मॅडम, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हो, रिटर्नमध्ये क्लेम करता येतो. कंपनीने नाकारल्याने हक्क जात नाही, आणि मुलाचा पॅन नसल्यानेही जात नाही. काकांचा पॅन करारावर आहे.

बारा नव्हे, अकरा महिन्यांचं, म्हणजे २,४२,००० भाडं दाखवता येईल. नोव्हेंबर सोडावा. त्यासाठी करार, बँक स्टेटमेंट, मृत्यूचा दाखला, काकूंचं आणि मुलाचं आजच्या तारखेचं पत्र, व्हॉट्सअ‍ॅपची प्रत हे एका फायलीत ठेवावं लागेल. काकांच्या नावाच्या त्या चार पावत्या त्यात नकोत. त्यांच्याबद्दल विचारलं गेलं तर मुलाने सही केली होती हे आहे तसं सांगायचं.

पण माझा सल्ला क्लेम न करण्याचा आहे. फॉर्म १६ मध्ये सूट शून्य आणि रिटर्नमध्ये १,७०,००० असा फरक चौकशीला आमंत्रण देतो, आणि त्या बदल्यात वाचतात १,४५६. नव्या प्रणालीत ९२,५६० कर, ३८,६३६ परतावा, आणि पुरावा काहीच नको. भाडं आणि भत्ता दोन्ही मोठे असते, फरक पंचवीस-तीस हजारांचा असता, तर मी हीच फाइल घेऊन क्लेम करा म्हटलं असतं."

तिने लगेच होकार दिला नाही. "पण सर, भाडं तर खरंच दिलंय ना?" असं दोनदा म्हणाली. त्यावर माझ्याकडे वेगळं उत्तर नव्हतं. दिलेलं खरं, आणि दाखवून मिळणारं १,४५६, हेही खरं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिने नव्या प्रणालीत रिटर्न भरलं. फाइल मात्र तशीच लावून ठेवायला सांगितली.

एप्रिल २०२५ चा नवा करार मुलाच्या आणि काकूंच्या नावाने नोंदवून झाला, दोघांच्या पॅनसह. त्याचा २०२५-२६ मध्ये उपयोग होईल का, असं तिने विचारलं. पगार तोच राहिला तर नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीतले टप्पे बदलले आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर उरला नाही. तिचं करपात्र १२,४५,०००, म्हणजे वर फक्त ४५,०००. सीमांत सवलतीमुळे, म्हणजे मार्जिनल रिलीफमुळे, कर तेवढ्यावरच थांबतो, उपकर धरून ४६,८००. जुन्या प्रणालीत बाराही पावत्या चोख ठेवूनही तिला ८६,५२८ भरावे लागले असते.